कोथरूडच्या बाईंचं पत्र

नीरजा खांबेटे यांच्या दारावर पाटी होती : "येथे इटालियन शिकवले जाते. आधी फोन करून यावे. चपला ओळीत काढाव्यात." पहिलं वाक्य वाचून लोकांना नवल वाटे आणि तिसरं वाचून आपण पुण्यातच आहोत याची खात्री पटे.

बाई नारायण पेठेत वाढल्या. वडील मराठीचे मास्तर. येरवड्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये इटलीहून आलेल्या एक वृद्ध सिस्टर होत्या, त्यांना मराठी शिकवायला वडील सायकलवरून जायचे आणि सोबतीला डबलसीट नीरजेला न्यायचे. सिस्टरांचं मराठी शेवटपर्यंत कच्चंच राहिलं, पण नीरजा मात्र सोळाव्या वर्षी घडाघडा इटालियन बोलायला लागली. त्या काळात पुण्यात या विद्येचा उपयोग शून्य होता. त्यांनी अठ्ठावीस वर्षं विमा कंपनीत कारकुनी केली. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्याला "वेळ मिळाला नाही" एवढंच उत्तर मिळे आणि त्यानंतर चहा मिळत नसे.

मग देशाची दारं उघडली. चाकणकडे, रांजणगावकडे परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे राहू लागले, संगणकवाली पोरं मिलान-तोरिनोला निघाली आणि बाईंची अडगळीत पडलेली भाषा एकाएकी पिकाला आली. त्यांनी नोकरी सोडली आणि कोथरूडच्या दोन खोल्यांत वर्ग सुरू केला. सत्त्याण्णव साली पाच मुलं होती, दोन हजार सालापर्यंत तीन तुकड्या झाल्या. जिन्यात चपलांची रांग खालच्या मजल्यापर्यंत जाई आणि खालचे बिऱ्हाडकरू कुरकुरत.

बाईंची शिकवण्याची रीत एकच. मराठी वाक्य द्यायचं, इटालियन मागायचं. साधी, घरातली वाक्यं. आणि पोरं नेमकी तिथेच आपटायची. "मी सहाला उठतो" या मराठी वाक्यात कोणी कोणाला काही करत नाही. माणूस आपला उठतो. इटालियन मात्र म्हणतो, "मी आल्त्सो", म्हणजे मी मला उठवतो. त्यातला 'मी' हा आपला 'मी' नव्हेच, तो 'मला' आहे, हे समजावता समजावता पहिला आठवडा जाई. "तू उठतोस" याचं "ती आल्त्सी" होतं म्हटल्यावर एखादा हमखास विचारी, "ती कोण बाई?" सगळे हसत. बस थांबली आणि ड्रायव्हरनं बस थांबवली, एवढा फरक आपण क्रियापदाच्या पोटात करतो. ते तसं करत नाहीत. ड्रायव्हरनं थांबवली तर नुसतं 'आ फेर्मातो', आणि बस आपणहून थांबली तर 'सी ए फेर्मातो', पुढे त्या 'मी', 'ती'चाच भाऊ 'सी' लावायचा आणि सहायक क्रियापदही बदलायचं. आपण म्हणतो "मी माझे हात धुतले". तिथे 'माझे' गाळायचं आणि 'मी मला हात धुतले' अशा थाटात बोलायचं. धुणारी बाई असेल तर धुतलेला शब्दही बाईचा होतो : 'मी सोनो लावाता ले मानी'.

मुलं तो 'सी' विसरायची. न चुकता विसरायची. शेवटी बाईंनी एक युक्ती काढली. अशा प्रत्येक क्रियापदाखाली वहीत लाल शाईनं 'स्वतःला' लिहायचं. तो उठला : त्यानं स्वतःला उठवलं. तिचा पाय मोडला : 'सी ए रोत्ता ला गांबा', तिनं स्वतःचा पाय मोडला. पोरं खो खो हसायची. "हसा, पण लक्षात ठेवा," बाई म्हणत. परीक्षेत त्यांच्या मुलांचा 'सी' चुकेनासा झाला. वह्या एकमेकांकडे झेरॉक्स होऊन फिरू लागल्या. त्या लाल शब्दाचा बाईंना अभिमान होता हे लपवण्यात अर्थ नाही. तो शब्द म्हणजे कुबडी आहे, इटालियन माणसाच्या मनात तिथे कोणी स्वतःला काही करत नसतं, हे त्या एकदा सांगत, पण एकदाच. कुबडीनं पोरं धावायला लागल्यावर ती काढून घ्यायची राहून गेली.

आमोद त्या पोरांमधला सगळ्यांत हुशार. वडील नसलेला, आईच्या शिवणकामावर वाढलेला. संध्याकाळचा वर्ग संपला तरी हा बसून राही, बाईंची भाजी चिरून देई, त्यांचा गॅस सिलिंडर बदलून देई. बाईंना मूल असतं तर ते असंच असावं असं त्यांना वाटे, आणि असं वाटतंय हे कळू नये म्हणून त्या त्याला इतरांपेक्षा जास्त टोचून बोलत. चाकणजवळच्या एका इटालियन कंपनीत तो दुभाषा म्हणून लागला, तेव्हा त्यानं पेढे आधी बाईंकडे आणले.

त्याच कंपनीचं थोडं काम बाईंकडेही येई. कामगारांचे मराठी जबाब, तक्रारी, अर्ज बाईंनी इटालियनमध्ये करायचे; साहेबांकडून येणारं इटालियन आमोदनं मराठीत करायचं. नदीच्या एका काठावर गुरू, दुसऱ्या काठावर शिष्य, असं बाई गमतीनं म्हणत.

दोन हजार एक सालच्या जानेवारीत बाईंकडे एका अपघाताचा जबाब आला. नागोराव नावाचा, पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस यंत्रावरचा ऑपरेटर, यवतमाळकडचा. त्यानं सांगितलं होतं : "प्रेसमध्ये पत्रा अडकला. काढायला गेलो. प्रेस खाली आली. हात सापडला. दोन बोटं गेली." पाच लहान वाक्यं. बाई त्यांच्यापाशी बराच वेळ थांबल्या. 'हात सापडला' याच्यासाठी त्यांना दोन वाटा होत्या. प्रेसनं माझा हात चिरडला, असं लिहिता आलं असतं. पण सिस्टरांच्या तोंडी जे सहज आलं असतं ते दुसरंच होतं : 'मी सोनो स्क्याच्चातो ला मानो'. दारात बोट चेंगरलेलं इटालियन पोरही असंच रडतं. त्यात दोष नाही, हेतू नाही, नुसतं दुखणं आहे. बाईंनी तेच लिहिलं आणि आपल्या कानावर खूश होऊन पाकीट बंद केलं.

कंपनीतल्या इटालियन इंजिनिअरनं ते वाचलं आणि बरोबर समजला. फायलीवर त्यानं शेरा मारला : ऑपरेटरचा हात प्रेसमध्ये चेंगरला, संरक्षक जाळी काढलेली होती, तपास करावा. अर्थात त्याच्या भाषेत, त्या 'सी'सकट. मग तो आपली मुदत संपवून मायदेशी गेला. शेरा आमोदकडे आला. त्या दिवशी त्याच्या टेबलावर चाळीस कागद होते. त्यानं लिहिलं, "ऑपरेटरने स्वतःचा उजवा हात प्रेसमध्ये चिरडून घेतला. संरक्षक जाळी काढलेली होती."

कार्मिक विभागाला हा कागद म्हणजे आयतं कोलीत मिळालं. जाळी कोणी काढली, हा प्रश्न कंपनीला अडचणीचा होता; आता तो सुटला. याच माणसानं जाळी काढली, हलकं काम मिळावं म्हणून हात घातला, असं ठरलं. चौकशीची नोटीस निघाली, छापील, शिक्क्याची : स्वतःला हेतुपुरस्सर इजा करून घेणे.

ती नोटीस घेऊन नागोराव आणि त्याची बायको इंदुबाई एका रविवारी सकाळी बाईंच्या दारात उभे राहिले. युनियनच्या तात्यारावांनी पत्ता दिला होता. दोघांनी पाटी वाचली आणि चपला काढून ओळीत ठेवल्या. नागोरावाचा उजवा हात पंच्यात गुंडाळलेला होता. खुर्चीवर बसा म्हटलं तरी तो कडेला टेकूनच बसला.

"बाई, तुमीच लिवलं व्हतं ना माझं? मी असं म्हटलं व्हतं काय?"

बाईंनी नोटीस वाचली. मग सोबत जोडलेला आमोदचा तर्जुमा वाचला आणि खाली जोडलेली मूळ शेऱ्याची प्रत. तो लाल शब्द काळ्या शाईत, शिक्क्यासकट त्यांच्यापुढे आला होता.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही असं म्हटलं नव्हतं. मीही तसं लिहिलेलं नाही. त्या इंजिनिअरनंही नाही."

"मंग हे काऊन छापलं?"

"भाषांतरात चूक झालीय."

इंदुबाई म्हणाली, "नोकरीचं काय व्हायचं ते हो. पन लोकं म्हनतात, यानं आपल्या हातानं बोटं तोडली. असं कोनी करते का बाई? लेकीच्या शाळेत पोट्टे चिडवतात तिले."

चौकशी अकरा मार्चला होती. बाईंनी शब्द दिला. त्याआधी त्या पत्र देतील, शब्दाशब्दाचा खुलासा करतील, लागलं तर स्वतः येतील. नागोरावानं डाव्या हातानं नमस्कार केला. जाताना दोघांच्या चेहऱ्यावर जो विश्वास होता तो बाईंना पुढे बरीच वर्षं विसरता आला नाही.

दुपारीच त्यांनी पत्र लिहिलं. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. संध्याकाळी त्यांनी आमोदला बोलावून ते वाचायला दिलं. चूक त्याची होती, तेव्हा त्याला आधी कळायला हवं, अशी त्यांची समजूत.

आमोदनं पत्र वाचून खाली ठेवलं. "बाई, मी चौदाला तोरिनोला चाललोय. वर्षभराचं ट्रेनिंग. तिकीट आलंय. हे पत्र आता गेलं तर ते मला पाठवणार नाहीत, उलट काढून टाकतील."

"मग तू स्वतःच जाऊन सांग, की चुकलं."

"कुणाला सांगू? त्यांना तेच हवंय." तो म्हणाला, "आणि बाई, मी मनाचं काही लिहिलं नाही. तुमच्याच वहीत तसं आहे. 'सी' म्हणजे स्वतःला. दोन वर्षं तुम्ही लाल शाईनं लिहून घेतलंत."

बाईंनी पत्र परत हातात घेतलं. पत्रात त्यांनी दुभाष्याची चूक लिहिली होती. ती चूक आली कुठून हे लिहिलं नव्हतं. उद्या कुणी विचारलं, हे कुणाकडे शिकलास, तर? जिन्यातली चपलांची रांग त्यांच्या डोळ्यांपुढे आली. याची लाज वाटली तरी ती आली, हे खरं.

"पंधरा दिवस थांबा," आमोद म्हणाला. "मी पोचलो की द्या पत्र. हवं तर माझं नाव घालून द्या. चौकशीनंतरसुद्धा अपील असतं. बाई, आईनं आयुष्यभर दुसऱ्यांचे ब्लाउज शिवलेत हो."

तो रडला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी त्याआधी कधी ठेवला नव्हता. पत्र टेबलाच्या खणात गेलं.

अकरा तारीख उजाडली. बाई सकाळपासून घरातच होत्या. दोनदा त्यांनी खण उघडला, दोनदा लावला. रिक्षा करून निघाल्या असत्या तरी तासाभरात पोचल्या असत्या. त्यांनी वर्ग घेतला. त्या दिवशी भूतकाळ होता.

आमोद चौदाला गेला. सोळाला बाईंनी पत्र रजिस्टरनं धाडलं, एक प्रत तात्यारावांना. कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं : सदर चौकशी पूर्ण झाली असून कामगारास बडतर्फ करण्यात आले आहे, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. तात्याराव फोनवर म्हणाले, "मॅडम, वरातीमागून घोडं. आता कामगार न्यायालय. पाच वर्षं धरून चाला." नागोरावाला पाच वर्षं धरून चालणं परवडणार नव्हतं. बडतर्फी मान्य, पुढे वाद नाही, अशा कागदावर त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. सही त्याला येत होती, पण उजव्या हातानं. कंपनीच्या दप्तरात त्या माणसानं आपली बोटं आपणच तोडली, हे कायमचं झालं.

हे बाईंना दिवाळीनंतर कळलं. त्यांनी तात्यारावांकडून पत्ता घेतला आणि बसनं लोणी काळभोरला गेल्या. नागोराव तिथल्या एका कॉलेजच्या फाटकावर रखवालदार होता. फाटकाला लागूनच पत्र्याची खोली. दारात त्याची मुलगी राधा, अकरा-बारा वर्षांची, पाटावर वही ठेवून अभ्यास करत होती.

नागोराव लगबगीनं उठला. उजवा हात त्यानं सवयीनं खिशात घातला. "बाई! तुमी कशाला तरास घेतला? तब्येत कशी हाय आता?"

"माझी तब्येत?"

"त्या टायमाले बिघडली व्हती ना." तो इंदुबाईकडे पाहून म्हणाला, "आमी त्या सायबाले लय सांगितलं. जरा थांबा, कोथरूडच्या बाईंचं पत्र येनार हाय. त्यानं दुपारपर्यंत वाट पाहिली बी. आमाले वाटलं, बाई आजारी पडल्या असतील. नाहीतर शब्द मोडनाऱ्यातल्या त्या नव्हेत."

इंदुबाईनं मान डोलावली. "मी मारुतीले नारळ बोलली व्हती तुमच्यासाठी."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. त्या सांत्वन करायला आल्या होत्या. पत्राची प्रत पर्समध्ये होती, ती वाचून दाखवावी, तुम्ही निर्दोष होता असं मोठ्यानं म्हणावं, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. आता ती बाहेर निघेना.

"मी आजारी नव्हते," त्या म्हणाल्या.

इंदुबाईची डोलणारी मान थांबली.

"पत्र त्याच दिवशी लिहिलं होतं. तुम्ही घरी आलात, त्याच दुपारी. ते माझ्या खणात होतं."

राधानं वहीतून मान वर केली. ती आईसारखी वऱ्हाडी बोलत नव्हती, इथल्या शाळेतलं स्वच्छ मराठी बोलत होती. तिनं विचारलं, "मग दिलं का नाही?"

"राधे," इंदुबाई दटावून म्हणाली. पण राधा बाईंकडेच पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. वर्षभर शाळेत तिला जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचं उत्तर या शहरातल्या बाईकडे असेल, असं तिला वाटत असावं.

बाईंच्या ओठांवर कितीतरी वाक्यं आली. राहून गेलं. उशीर झाला. जमलं नाही. वेळच तशी आली होती. सगळी चांगली, चालणारी मराठी वाक्यं. एकातही बाई नव्हत्या. वर्गात त्यांनी पोरांना असल्याच वाक्यांत माणूस शोधायला लावला होता.

"मी दिलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या विद्यार्थ्याची ती चूक होती. आणि त्याला तसं शिकवलं होतं मी. त्याची नोकरी जाईल आणि माझं नाव खराब होईल, म्हणून मी ते ठेवून घेतलं. अकरा तारखेला मी घरी होते."

नागोराव फाटकाकडे पाहत राहिला. कॉलेज सुटत होतं, मुलं स्कूटरींवरून हसत बाहेर पडत होती. एका गाडीनं हॉर्न दिला, तसा तो उठला आणि जाऊन फाटक उघडून आला. डाव्या हातानं, कडी छातीनं रेटून. परत येऊन तो उभाच राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यानं खिशातला हात काढला. बाईंनी तो हात तेव्हा पहिल्यांदा उघडा पाहिला.

"आजारी व्हत्या असंच राहू द्यायचं व्हतं बाई," तो म्हणाला. "तेवढं बरं वाटत व्हतं."

इंदुबाईनं चहा टाकला नाही. बाईही पाण्याशिवाय उठल्या. दारातून वाकून चपला घालताना त्यांनी पाहिलं, राधा परत वहीकडे वळली होती आणि पुढचं काही लिहीत नव्हती.

परतीच्या बसला गर्दी होती. कोथरूडला पोचेपर्यंत संध्याकाळच्या तुकडीची मुलं जिन्यात येऊन थांबली होती. बाईंनी कुलूप काढलं, त्यांना आत घेतलं आणि सगळ्यांना लाल पेन खाली ठेवायला सांगितलं. का, असं एकानं विचारलं. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि खडूनं लिहिलं : 'प्रेस खाली आली. हात सापडला.'